पप्पा अहिराणीत विचारतात, लेक मराठीत उत्तर देते

‘ताई, मी सोलापूरची, लग्न होऊन धुळ्यात आले. नवऱ्याची आणि सासूबाईंची बोली अहिराणी. मुलगी दोन वर्षं दहा महिन्यांची आहे. ती झाली तेव्हाच आम्ही ठरवलं, पप्पांनी तिच्याशी फक्त अहिराणीत बोलायचं, मी फक्त मराठीत. पण ती पप्पांना सगळी उत्तरं मराठीत देते. मधूनच “मला भूक लागनी”, “माझी गाडी कोठे शे?” असं अर्धं-अर्धं बोलते. सासूबाई तिच्याशी मुद्दाम मराठीत बोलतात, शाळेत पोरीला हसतील म्हणतात. माझ्यासमोर तर सगळं घरच मराठीत बोलतं. शेजारच्या काकू म्हणतात, दोन भाषांनी पोरं गोंधळतात, उशिरा बोलतात. मी आणि नवरा आपसात मराठीत बोलतो, त्यानं आमचाच नियम मोडतोय का? जूनमध्ये तिला इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घालायचंय. आता अहिराणीचा हट्ट सोडावा का?’
(एक आई, धुळे)

‘मला भूक लागनी’ या तीन शब्दांपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या बऱ्याचशा शंकांचं उत्तर त्यातच आहे.

मराठीत आपण ‘मला भूक लागली’ म्हणतो आणि अहिराणीत ‘माले भूक लागनी’. तुमच्या लेकीनं ‘मला’ तुमचं घेतलं आणि ‘लागनी’ तिच्या पप्पांचं. पण नीट पाहा, ती ‘लागना’ म्हणाली नाही, ‘लागनं’ही म्हणाली नाही. भूक ही ‘ती’ आहे आणि पप्पांच्या भाषेत तिच्यापुढे ‘-नी’ येतं, हे पावणेतीन वर्षांच्या मुलीला पक्कं ठाऊक आहे. ‘माझी गाडी कोठे शे?’मध्येही ‘शे’ अगदी ‘आहे’च्या जागी बसलाय, इकडे-तिकडे नाही. गोंधळलेल्या मुलाचे प्रत्यय कसेही पडले असते. हिचे जागच्या जागी पडतायत. तिच्याकडे दोन भाषांचे सुटे भाग आहेत, जो हाताला आधी लागतो तो ती वापरते. दोन भाषांत वाढणारी बहुतेक सगळी मुलं या वयात हेच करतात आणि दोन्हीकडचा शब्दसाठा वाढला की ते आपोआप कमी होतं.

तरी मनातली शंका जात नसेल तर एक आठवडा वही ठेवा. डाव्या पानावर ती तुमच्याशी बोललेली वाक्यं, उजव्यावर पप्पांशी बोललेली, जशी ऐकली तशी, न सुधारता. दोन्हीकडे दहा-बारा वाक्यं झाली की ‘शे’, ‘माले’, ‘लागनी’, ‘ऊना’, ‘कोठे’ असे अहिराणी तुकडे मोजा. उजव्या पानावर ते जास्त दिसले तर समोरचा माणूस पाहून भाषा बदलायची हे तिला कळतंय. साधारण दोन वर्षांची मुलंही हे करतात. दोन्ही पानं सारखीच निघाली तरी घाबरू नका, पण मग त्याच वहीत एक दिवस मोठ्यांची वाक्यं लिहा. धुळ्यातल्या शिकलेल्या माणसाच्या अहिराणीत मराठी किती असते ते तेव्हा दिसेल. पप्पा स्वतःच ‘माले ऑफिसला उशीर होतोय’ म्हणत असतील, तर जी रेघ मोठ्यांनी आखली नाही ती लेकरानं कुठून आखायची?

उच्चारांचीही एक गंमत सांगून ठेवते. अहिराणीत मराठीच्या ‘ळ’च्या जागी बऱ्याचदा ‘य’ येतो, म्हणजे डोळा तो डोया आणि केळं ते केयं. तुमची मुलगी ‘केयं’ म्हणाली तर ते अहिराणीचं असेल किंवा नुसतं वयाचं. ळ, र हे आवाज मराठीच्या घरातल्या मुलांच्या तोंडातही उशिराच बसतात. त्यामुळे एवढ्यावरून ‘अहिराणीनं जीभ बिघडली’ असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका.

आता शेजारच्या काकूंचं. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. गैरसमज होतो तो मोजण्यातून. एखादं मूल पन्नास शब्द बोलतं, त्यातले तीस मराठी आणि वीस अहिराणी. मराठीतले तीसच मोजले की ते मागे पडल्यासारखं वाटतं. म्हणून दोन्ही भाषांची बेरीज करायची. दोन वर्षांपर्यंत दोन्हीकडचे मिळून पन्नासेक शब्द आणि ‘पप्पा ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोडी, तीन वर्षांपर्यंत छोटी वाक्यं, आणि घराबाहेरच्या माणसाला त्यातलं बरंचसं कळणं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. तुमच्या मुलीची वाक्यं वाचून ती मागे आहे असं मला कुठेच वाटत नाही. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरातलं मूल बेरीज करूनही यात बसत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल किंवा आधी येणारे शब्द विसरत चाललं असेल, तर ‘दोन भाषा आहेत, येईल हळूहळू’ म्हणून थांबू नका. पहिल्यांदा कानांची तपासणी करा. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशा मुलांना तपासतात. आणि तिथे कुणी एक भाषा बंद करा म्हणालं, तर ती का बंद करायची हे जरूर विचारा. ज्याला बोलायला वेळ लागतोय त्याला एका भाषेत जेवढा लागतो तेवढाच दोन भाषांत लागतो, आणि आजीची भाषा काढून घेतली की त्याच्याशी बोलणारं घरातलं एक माणूस कमी होतं.

आता तुमच्या नियमाकडे येते. ‘एक पालक, एक भाषा’ हे सूत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. झ्यूल रोंझा या फ्रेंच भाषाअभ्यासकानं १९१३ साली आपल्या मुलाच्या, लुईच्या, बोलण्याच्या नोंदींचं पुस्तक काढलं. वडील फ्रेंच बोलत, आई जर्मन, आणि लुई दोन्ही भाषा छान बोलायला लागला. तेव्हापासून हा नियम घराघरांत गेला. पण त्यानंतर जे लोकांनी पाहिलं ते इतकं सरळ नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात आनिक द हाउवर या संशोधक बाईंनी सुमारे १९०० कुटुंबांची पाहणी केली, ती २००७मध्ये प्रसिद्ध झाली. एकानं घरची आणि दुसऱ्यानं गावाची भाषा बोलायची अशी पद्धत असलेल्या घरांत साधारण चारातल्या एका मुलाला घरची भाषा बोलता येत नव्हती. आईवडील दोघंही घरची भाषा बोलत होते तिथे मात्र जवळपास सगळी मुलं ती बोलत होती. नियम किती कडक पाळला यापेक्षा ती भाषा मुलाच्या कानावर किती पडली आणि ती बोलायची त्याला गरज किती पडली, याला जास्त वजन आहे.

म्हणून ‘नियम मोडतोय का’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा आणि तास मोजा. तुमच्या घरचं वेळापत्रक मला माहीत नाही, म्हणून धुळ्या-जळगावातलं नेहमीचं घर घेते. तुमचे आकडे त्यात घाला. मुलगी दिवसाचे बारा तास जागी धरली तर आठवड्याचे ८४ तास होतात. पप्पा सकाळी पाऊण तास दिसतात आणि रात्री तासभर, म्हणजे सहा दिवसांचे साडेदहा तास. रविवारचे पाच धरले तर साडेपंधरा. त्यातला निम्मा वेळ मोबाइल, बातम्या, घाई, फोन. प्रत्यक्ष लेकीशी बोलणं आठ तासांच्या पुढे जात नाही. ८४मधले आठ. बाकीच्या वेळात आई मराठी, आजी मराठी, टीव्ही मराठी नाहीतर हिंदी, खालची पोरं मराठी. मग ती पप्पांना मराठीत उत्तर देते यात नवल कसलं?

आणि इथेच मला तुमच्या पत्रातली खरी अडचण दिसते. तुम्ही अहिराणीची सगळी जबाबदारी घरात सगळ्यात कमी वेळ असणाऱ्या माणसावर टाकलीय. जिच्याकडे अस्सल, भरलेली अहिराणी आहे आणि दिवसभराचा वेळही आहे, ती आजी मात्र नातीसाठी मुद्दाम उसनी मराठी बोलतेय. नियमात ‘पालक’ हा शब्द आहे म्हणून आपण आई आणि बाप असे दोघंच मोजतो. खानदेशातल्या घरात हे गणित बसत नाही. तुमच्या घरात अहिराणीची मुख्य व्यक्ती पप्पा नाहीत, आजी आहे. आजी फक्त दुपारचं जेवण, पाठीवर थोपटणं आणि संध्याकाळी ओट्यावर बसणं एवढ्या तीन वेळा अहिराणीत बोलायला लागली, तरी दिवसाला दोन-अडीच तास होतात. आठवड्याचे पंधरा-सोळा. पप्पांच्या आठांचे तेवीस-चोवीस झाले. एवढ्यानं चित्र पालटतं.

पण आजीला नुसतं ‘अहिराणीत बोला’ म्हणून चालणार नाही. त्या जे म्हणतात त्यामागे त्यांचं सोसलेलं असतं. माझं सांगते. मी अमळनेरकडची. तिसरीत असताना वर्गात ‘बाई, माले पानी पेवाले जानं शे’ म्हणाले आणि बाईंनी तेच वाक्य सगळ्या वर्गाकडून माझ्यासारखं म्हणवून घेतलं. घरी येऊन मी रडले. त्या दिवसापासून आईनं धाकट्या भावाशी अहिराणी बंद केली. आज त्याला सगळं समजतं, बोलता एक वाक्य येत नाही. लग्नकार्यात आत्या-मावश्या आपसात बोलत बसतात आणि तो जवळ आला की सगळ्या जणी त्याच्यासाठी मराठीत वळतात. त्याला ते लागतं, हे त्यानंच मला सांगितलंय. तुमच्या सासूबाईंच्या मनात असाच एखादा वर्ग, एखादा बाजार, एखादं ऑफिस असणार. आधी तो विचारा. ‘आई, तुम्हाला कोण हसलं होतं?’ असं विचारून नुसतं ऐका. मग सांगा की नातीला मराठी येणारच आहे, तिची मराठी मी सांभाळते, तुमची बोली मात्र तुमच्याशिवाय तिला कुणी देऊ शकत नाही.

त्यांना अजून एक सांगा. अहिराणी ही बिघडलेली मराठी नाही. इंग्रजांच्या काळातल्या ग्रिअर्सन या भाषाअभ्यासकाच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०७च्या खंडात खानदेशीची मांडणी मराठीच्या बोलींत न करता भिल्ली भाषांबरोबर केली आहे, गुजरातीशी नातं दाखवून. मराठीच्या अभ्यासकांनी याबद्दल वेगळी मतं मांडलीत आणि तो वाद जुना आहे. पण ‘माले’मधला ‘ले’, ‘घरमा’मधला ‘मा’, ‘शे’, ‘ऊना’ हे सगळं आपल्या नियमानं चालतं, आणि २०११च्या जनगणनेत खानदेशी ही स्वतंत्र नोंद आहे, सुमारे १८ लाख ६० हजार बोलणाऱ्यांची. अहिराणी त्याच नोंदीत येते. शुद्ध-अशुद्धचा प्रश्न इथे लागूच होत नाही.

आता तुमच्याबद्दल, आणि हे प्रेमानं लिहितेय. तुमच्यासमोर सगळं घर मराठीत बोलतं. सोलापूरची सून, तिला परकं वाटू नये म्हणून हे सुरू झालं असणार आणि त्या वेळी ते योग्यच होतं. पण आता त्याचा परिणाम असा झालाय की जेवणाच्या ताटावर, जिथे तीन मोठी माणसं रोज अर्धा-पाऊण तास एकत्र असतात, तिथे मुलीला अहिराणीतला संवाद ऐकूच येत नाही. मायलेकांनी एकमेकांशी बोललेली अहिराणी तिला मिळत नाही. मूल त्याच्याशी बोललेल्या वाक्यांतून शिकतं, तसं मोठ्यांच्या आपसातल्या बोलण्यातूनही बरंच उचलतं. एवढ्या वर्षांत तुम्हाला अहिराणी समजायला लागली असेलच. तर एवढंच जाहीर करा: ‘माझ्यासाठी मराठीत वळू नका, मला कळतं. अडलं तर विचारीन.’ तुम्ही स्वतः मराठीतच बोला. एकाच ताटावर एक मराठीत विचारतोय आणि दुसरा अहिराणीत सांगतोय, हे खानदेशात नवं नाही. नवऱ्याशी तुम्ही मराठीत बोलता त्यानंही काही मोडत नाही. नियम मुलीशी बोलण्याचा आहे, तुमच्या संसाराचा नाही. फक्त त्यामुळे पप्पांना मराठी येते हे तिला माहीत आहे, आणि याचा संबंध पुढच्या गोष्टीशी आहे.

ती गोष्ट म्हणजे, लेक मराठीत बोलली की पप्पा त्या क्षणी काय करतात. मला यातच सगळ्यात जास्त घरं अडकलेली दिसतात. ती म्हणते, ‘पप्पा, मला पाणी पाहिजे.’ पप्पा उठून पाणी देतात. प्रेमानंच देतात, पण तिला संदेश जातो की इथे मराठी चालते. दुसरं टोक म्हणजे ‘माले समजनं नही’ म्हणून हात बांधून बसणं. काही पुस्तकं हे सुचवतात. तुमच्या घरात ते करू नका. आत्ता स्वयंपाकघरात पप्पा तुमच्याशी मराठीत बोलत होते, तिनं ते ऐकलंय. तहानलेल्या मुलीला ते नाटक समजतं, राग येतो आणि राग अहिराणीवर निघतो.

मधली वाट अशी. पाणी द्यायचं, पण देता देता तिचंच वाक्य अहिराणीत परत म्हणायचं: ‘तुले पानी पाहिजे का? ले, पानी ले.’ हे झालं पहिलं पाऊल, पण इथेच थांबलं तर तिला बोलावं लागत नाही, ती ग्लास घेऊन पळते. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा, ती खुशीत असताना, दोनांतलं एक निवडायला लावायचं: ‘काय पाहिजे तुले, पानी का दूध?’ आता उत्तराचे शब्द प्रश्नातच आहेत. ती ‘दूध’ म्हणेल, पप्पांनी ‘दूध पाहिजे तुले’ म्हणायचं आणि एक क्षण थांबायचं. मनात तीनपर्यंत मोजायचं. कधी ती ‘माले दूध’ म्हणेल, कधी नाही. तसं म्हणाली नाही तरी दूध द्यायचं. हा तीन आकड्यांचा थांबा फार कामाचा आहे, आपण मोठी माणसं तो देत नाही, लगेच पुढचं वाक्य टाकतो. मात्र रडताना, आजारपणात, पडल्या-लागल्यावर हे काहीही करू नये. तेव्हा ती ज्या भाषेत बोलेल त्यात तिला आधी जवळ घ्यावं.

यासोबत नवऱ्याला एका दिवसापुरतं स्वतःचं बोलणं ऐकायला सांगा. फोनवर अर्धा तास ध्वनिमुद्रण केलं तरी कळतं. अनेक घरांत मी पाहिलंय की वडिलांची अहिराणी ‘ऊठ’, ‘चाल’, ‘जेव’, ‘जपी जाय’ इथेच संपते. गोष्ट सांगायची वेळ आली, चंद्र का दिसत नाही हे समजवायचं झालं की ते नकळत मराठीत जातात, कारण स्वतःचं शिक्षण मराठीत झालेलं. मग मुलासाठी अहिराणी ही हुकमाची भाषा होते. हुकमाला उत्तर लागत नाही, लागतं ते ‘काय झालं मग?’ला. म्हणून पप्पांना वेळ वाढवता येत नसेल तर निदान गोष्टी बदलू द्या. झोपतानाची एक गोष्ट आणि रविवारचा भाजीबाजार, या दोन जागा पूर्ण अहिराणीच्या. बाजारात तिला खांद्यावर घ्यायचं, वांग्यांच्या ढिगाकडे बोट करायचं: ‘हाई काय शे?’ खानदेशात भरताच्या वांग्यांवर बोलायला माणसाला शब्द कमी पडत नाहीत. आणि भाजीवालीशीही पप्पांनी अहिराणीतच बोलावं. लेकीला कळू द्या की ही भाषा घराबाहेरची माणसंही बोलतात.

त्याच कारणासाठी जूनमध्ये शाळेच्या फाटकापाशीही पप्पांनी भाषा बदलू नये. तीन वर्षांच्या मुलांना कळतं, पप्पा कुठे आवाज खाली करतात ते. नर्सरीत कुणी हसेल का? हसेलही. पण तेव्हा तिच्याकडे तुमची मराठी पूर्ण असेल. माझ्या वर्गात मी अडले कारण माझ्याकडे अहिराणीशिवाय दुसरं काही नव्हतं आणि बाईंना ते कळून घ्यायचं नव्हतं. तुमच्या मुलीचं तसं नाही. मे महिन्यात बाईंना भेटून एवढं सांगा की ती ‘माले’, ‘शे’, ‘कोठे’ म्हणेल, ते चूक नाही, घरची भाषा आहे, आणि तिला शू-पाणी मागायची वाक्यं मराठीतही येतात. इंग्रजीची काळजी आज करू नका, ती शाळेत येईल. आणि इंग्रजी शाळा आहे म्हणून घरात तिसरी भाषा आणू नका, ‘अ‍ॅपल खा, मिल्क पी’ करत. तुमच्याकडून तिला मराठी गोष्टी, मराठी पुस्तकं आणि लांब गप्पा हव्यात. धुळ्यात बोलण्यापुरती मराठी तिला कुठेही मिळेल. वाचायची, समजावून सांगायची मराठी मात्र तुमच्याकडूनच मिळणार आहे.

हे सगळं करूनही ती पप्पांना मराठीतच उत्तर देत राहिली तर? तशी शक्यता आहे आणि ती लपवणं बरं नाही. मराठी आणि अहिराणी इतक्या जवळ आहेत की समोरच्याला दोन्ही समजतात, त्यामुळे बोलल्यावाचून अडत नाही. फ्रेंच-जर्मन घरांची उदाहरणं इथे पूर्ण लागू होत नाहीत ती यामुळे. पण समजणं हे काही कमी नसतं. अमेरिकेत राहणाऱ्या वर्नर लिओपोल्ड या भाषाअभ्यासकानं आपल्या मुलीशी, हिल्डगार्डशी, जन्मापासून जर्मन बोलण्याचा नेम ठेवला होता. आजूबाजूला सगळं इंग्रजी, आईही इंग्रजी बोलणारी. मुलीचं बोलणं इंग्रजीकडेच झुकलं. ती पाच वर्षांची होत होती तेव्हा घरातली माणसं काही महिने जर्मनीत जाऊन राहिली आणि तिथे ती भराभर जर्मन बोलायला लागली. आत साठलेलं होतं, फक्त ते बाहेर काढायला लावणारी माणसं मिळाली.

तुम्हाला त्यासाठी जर्मनी नको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरच्या गावी जा, आणि दोन दिवसांसाठी नको, जमलं तर दोन-तीन आठवडे. शाळा सुरू व्हायच्या आधीचा तो अगदी योग्य काळ आहे. माहेरवाशिणी आलेल्या असतात, झाडाला झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी चाललेली असतात. झोका द्यायला कुणाला तरी म्हणावं लागतं आणि झोका देणारी मोठी पोर अहिराणीत बोलते. तिथे पप्पांपेक्षा ती पोर तुमच्या लेकीला जास्त शिकवेल. जाण्याआधी गावात एक चौकशी मात्र करा. आता खेड्यातले आईबापही लहान पोरांशी मराठीत बोलू लागलेत. म्हणून ज्या घरात आजी-आजोबा आणि आठ-दहा वर्षांची अहिराणी बोलणारी मुलं आहेत, त्या घराच्या आसपास राहा. आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, ‘अहिराणीमा काहीतरी बोली दाखाड’ असं तिला कुणी उभं करून म्हणू नये. एका घरी असंच झालं, चार वर्षांचा मुलगा त्यानंतर वर्षभर आजीसमोर गप्प बसायचा. पुढे श्रावणात कानबाईचा सण आला की पुन्हा तेच घर, तीच माणसं, रोटाच्या जेवणासाठी सगळं कुळ एकत्र. तोवर तिला त्यांची नावं आणि आवाज ओळखीचे झालेले असतील.

बदल झाला की नाही हे रोज पाहू नका. आजचा दिवस धरून वहीत एक पान लिहून ठेवा: आजीशी आणि पप्पांशी आपणहून बोललेल्या वाक्यांत अहिराणी तुकडे किती. तेच पान आखाजीहून परतल्यावर आणि पुन्हा कानबाईच्या आसपास लिहा. सहा-आठ महिन्यांत आजीशी बोलताना तुकड्यांची वाक्यं व्हायला लागली, ‘माले भूक लागनी’ असं सलग यायला लागलं, तर वाट बरोबर आहे. काहीच हललं नाही तर पप्पांचा नियम आणखी कडक करू नका. पुन्हा तास मोजा, आजीच्या तीन वेळा खरंच होतायत का ते पाहा. बहुतेक घरांत गळती तिथेच सापडते.

आणि नर्सरीचा अर्ज भरायला बसाल तेव्हा त्यात मातृभाषेचा एक रकाना असेल. तो पप्पांनी आणि तुम्ही मिळून भरा, आजींना शेजारी बसवून. ‘मराठी, अहिराणी’ असं दोन्ही लिहा. जागा कमी पडली तर अक्षर बारीक काढा.